व्हीपीएन काय झाकतं आणि वेबसाइटला तरीही काय दिसतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानापासून विद्यापीठाच्या वसतिगृहापर्यंत व्हीपीएनबद्दल जे विचारलं जातं, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा सूर एकच असतो, "व्हीपीएन लावलं होतं की, तरी साइटला कळलं कसं?" म्हणून भर त्यावरच आहे. एकच उत्तर दोनदा दिलेलं नाही. गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ॲपमधलं बटण दाबल्यावर आत नेमकं होतं काय?

एरवी तुमचा फोन सिम कंपनीच्या किंवा ब्रॉडबँडवाल्याच्या जाळ्यातून थेट वेबसाइटशी बोलतो. व्हीपीएन चालू केलं की फोनमधून निघणारी सगळी माहिती आधी कुलूपबंद होते आणि व्हीपीएन कंपनीच्या एखाद्या सर्व्हरकडे जाते. समजा, तो ॲमस्टरडॅममध्ये आहे. तिथे वरचं कुलूप निघतं आणि तो सर्व्हर तुमच्या वतीनं वेबसाइटशी बोलतो. उत्तरही त्याच वाटेनं परत येतं.

यामुळे दोन गोष्टी बदलतात. तुमच्या इंटरनेट कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते दिसत नाही. तुम्ही एका व्हीपीएन सर्व्हरशी बोलताय, कधी आणि किती डेटा गेला, एवढंच तिला कळतं. आणि वेबसाइटला तुमच्या आयपी पत्त्याऐवजी, म्हणजे इंटरनेटवर तुमच्या जोडणीला मिळालेल्या क्रमांकाऐवजी, त्या सर्व्हरचा आयपी पत्ता दिसतो.

तिसरं काही बदलत नाही. जाहिरातीत "संपूर्ण गुप्तता" असं काहीही लिहिलेलं असो, यंत्रणा एवढीच आहे.

२. आयपी पत्त्यावरून साइटला माझं घर कळतं का? व्हीपीएन नसताना तर ती मला पुण्यात दाखवते.

घर कळत नाही. कुठला आयपी पत्ता कुठल्या कंपनीचा आणि साधारण कुठल्या शहरातला, याच्या याद्या असतात आणि साइट त्या बघते. मोबाइल डेटा वापरताना तुमची वाहतूक कंपनीच्या मोठ्या केंद्रातून बाहेर पडते. म्हणून शाहूपुरीत बसलेला माणूस पुण्यात किंवा मुंबईत दिसतो. त्यात सिम कंपन्या जुन्या पद्धतीचा एकेक पत्ता, म्हणजे आयपीव्ही४, एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. अमुक क्षणी तो पत्ता कोणाकडे होता हे कंपनीच्या नोंदीत असतं, पण साइटला ते कळायची सोय नसते.

म्हणजे वेबसाइटच्या दृष्टीनं आयपी पत्ता ही तुमची बरीच कच्ची ओळख आहे. पक्क्या ओळखी वेगळ्याच आहेत आणि व्हीपीएन त्यांना हात लावत नाही. त्याच पुढच्या चार प्रश्नांत बघू.

३. मी व्हीपीएनवर नेदरलँड्स निवडलं. तरी खरेदीच्या साइटनं राजारामपुरीचा पत्ता आणि कालचंच सामान दाखवलं. व्हीपीएन बिघडलंय का?

बिघडलेलं नाही. नेमकं काय झालं ते टप्प्याटप्प्यानं बघू.

समजा, राजारामपुरीत राहणाऱ्या एका मुलीनं काल रात्री घरच्या वाय-फायवरून एका खरेदीच्या साइटवर लॅपटॉप पाहिले. साइटनं तिच्या ब्राउझरमध्ये एक कुकी ठेवली. कुकी म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक छोटी नोंद. पुढच्या वेळी साइट उघडली की ब्राउझर ती आपणहून परत पाठवतो. त्या नोंदीच्या क्रमांकापुढे साइटच्या वहीत लिहिलेलं आहे : हे तीन लॅपटॉप पाहिले, घरपोच पत्ता राजारामपुरी, मोबाइल क्रमांक अमुक.

आज तिनं ॲमस्टरडॅम लावलं आणि तोच ब्राउझर उघडला. साइटकडे गेलेल्या पहिल्याच विनंतीत आयपी पत्ता डच होता, पण सोबत कालची कुकी होती. साइटनं कुकी वाचली आणि वही उघडली. पाकिटावरचा पत्ता परगावचा, पण आतल्या पत्राखाली सही मात्र स्वतःचीच, असा हा प्रकार आहे. व्हीपीएन पाकिटापुरतं काम करतं. आतला मजकूर ते उघडत नाही आणि बदलतही नाही.

वर आणखी एक गोष्ट होते, ती सहसा लक्षात येत नाही. एकाच कुकीसोबत काल घरचा आयपी पत्ता आला आणि आज ॲमस्टरडॅमचा. त्यामुळे हे दोन्ही पत्ते एकाच व्यक्तीचे आहेत हे साइटला आता कळलं. टॅब आधीच उघडी असताना मधेच व्हीपीएन चालू केलं तरी हेच घडतं. पान पुढच्या वेळी काही मागतं, तेव्हा जुनी कुकी नव्या पत्त्यावरून जाते.

लॉगिन केलेलं असेल तर कुकीचाही प्रश्न उरत नाही. नाव तुम्हीच सांगितलेलं असतं. कॅश ऑन डिलिव्हरीनं काही मागवलंत तर दार क्रमांकासकट पत्ताही तुम्हीच लिहून देता.

४. मग इनकॉग्निटो आणि व्हीपीएन दोन्ही लावलं तर झालं का?

बऱ्यापैकी फरक पडतो. इनकॉग्निटो खिडकी जुन्या कुकीज सोबत घेत नाही आणि बंद केल्यावर नव्या पुसते. म्हणजे व्हीपीएन आयपी पत्ता बदलतं आणि इनकॉग्निटो कुकीचा धागा तोडतं. ही दोन वेगवेगळी कामं आहेत. नुसतं इनकॉग्निटो लावलं तर आयपी पत्ता तुमचाच जातो, हे अजूनही पुष्कळांना माहीत नसतं.

क्रम मात्र महत्त्वाचा आहे. आधी व्हीपीएन जोडायचं, जोडलं गेल्याची खात्री करायची आणि मगच नवी खिडकी उघडायची. त्या खिडकीत जीमेल किंवा फेसबुकला लॉगिन केलंत, तर त्या कंपन्यांची बटणं आणि जाहिराती ज्या इतर साइटवर आहेत तिथेही ओळख पोचू शकते. हल्लीचे ब्राउझर यातलं बरंच अडवतात, सगळं नाही.

एवढं करूनही एक वाट उरते, ती पुढच्या प्रश्नात.

५. कुकी नाही, लॉगिन नाही, आयपी पत्ता परदेशी. आता तरी साइटला मी भारतातला आहे हे कळणार नाही ना?

कळू शकतं, आणि ते तुम्ही स्वतः तपासून बघू शकता. संगणकावर व्हीपीएन लावून कुठलीही साइट उघडा, F12 दाबा, Console या भागात जा आणि हे एकेक ओळ टाका :

```
Intl.DateTimeFormat().resolvedOptions().timeZone
new Date().getTimezoneOffset()
navigator.languages
```

पहिल्या ओळीला `Asia/Calcutta` किंवा `Asia/Kolkata` असं उत्तर येईल. दुसरीला `-330`, म्हणजे जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. ॲमस्टरडॅममधल्या संगणकावर हिवाळ्यात `-60` आणि उन्हाळ्यात `-120` येतं. तिसऱ्या ओळीत तुमच्या ब्राउझरच्या भाषा दिसतील. त्यात `mr-IN` किंवा `en-IN` असेल, तर हे नेदरलँड्सचं गिऱ्हाईक नाही हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. व्हीपीएन संगणकाचं घड्याळ बदलत नाही आणि ब्राउझरची भाषाही नाही. ही माहिती साइटला परवानगी न मागता मिळते.

याच पद्धतीनं साइट स्क्रीनचा आकार, बसवलेले फाँट, ग्राफिक्स कार्डाची चित्र काढायची ढब अशा बाबी गोळा करते. त्या एकत्र केल्या की ब्राउझरचा एक ठसा तयार होतो. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा एकमेवाद्वितीय निघाला होता. पण तिथे येणारी मंडळी मुळातच या विषयात रस असलेली होती. २०१८ च्या एका फ्रेंच अभ्यासात सामान्य वाचकांच्या साइटवर वीस लाखांवर ठसे तपासले, तेव्हा हे प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास आलं, आणि मोबाइलवर त्याहून कमी. कारण उघड आहे : एकाच मॉडेलचे लाखो फोन एकसारखेच असतात. म्हणून ठशावरून प्रत्येकजण नक्की सापडतो असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि व्हीपीएनमुळे हा ठसा बदलतो असं सांगणाऱ्यावर तर मुळीच नको.

६. व्हीपीएन चालू असताना नकाशानं मला थेट रंकाळ्याच्या काठावर दाखवलं. हे कसं?

तुम्ही कधीतरी "लोकेशन वापरू द्यायचं का?" या चौकटीत होकार दिलेला आहे. त्यानंतर नकाशाला आयपी पत्त्याची गरजच नसते. फोन उपग्रहांकडून जागा काढतो, किंवा आजूबाजूला कुठकुठले वाय-फाय राउटर दिसतात त्यांची यादी पाठवून जागा विचारतो. लॅपटॉपला जीपीएस नसलं तरी राउटरच्या यादीवरून पुष्कळदा गल्लीपर्यंत उत्तर येतं. व्हीपीएन ते उत्तर फक्त सुरक्षितपणे साइटपर्यंत पोचवून देतं.

ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर दाबून त्या साइटची लोकेशनची परवानगी काढता येते. मोबाइल ॲपची परवानगी फोनच्या सेटिंगमधून वेगळी काढावी लागते.

७. माझं व्हीपीएन निदान आयपी पत्ता तरी नीट झाकतंय का, हे कसं तपासू?

ही तपासणी प्रत्येकानं एकदा करावी, पाच मिनिटांचं काम आहे. आधी व्हीपीएन बंद ठेवून `ipleak.net` किंवा `browserleaks.com` उघडा आणि दिसणारे पत्ते लिहून घ्या. पत्ते दोन प्रकारचे असतील. एक ठिपक्यांनी तोडलेल्या चार आकड्यांचा, तो आयपीव्ही४. दुसरा लांबलचक, आकडे, अक्षरं आणि दोन टिंबांचा, तो आयपीव्ही६. जिओच्या सिमवर हा दुसरा बहुधा `2409` नं सुरू होतो. आता व्हीपीएन जोडा, पान नव्यानं उघडा आणि लिहून घेतलेल्यांपैकी एक तरी पत्ता अजून दिसतोय का ते बघा.

गळती सहसा तीन ठिकाणी सापडते. काही व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ ची वाहतूक वळवतात आणि आयपीव्ही६ ची मोकळी सोडतात. आपल्याकडच्या मोबाइल जाळ्यांवर आयपीव्ही६ चा वापर भरपूर असल्यानं ही गळती इथे जास्त महत्त्वाची. साइट छोटी, आयपीव्ही४ वरच चालणारी असेल तर काही कळत नाही. मोठ्या साइटवर मात्र तुमचा खरा पत्ता जातो.

दुसरी गळती वेबआरटीसीची. ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल करता यावेत म्हणून ही सोय असते, आणि तिला समोरच्याला सांगायला तुमचा बाहेरचा पत्ता शोधावा लागतो. पूर्ण फोनवर किंवा संगणकावर बसवलेल्या व्हीपीएनमध्ये हा शोधही बहुधा व्हीपीएनच्या वाटेनंच जातो. पण ब्राउझरमध्ये जोडायची जी "व्हीपीएन" एक्स्टेंशन असतात ती बरेचदा फक्त पानांची वाहतूक वळवतात. वेबआरटीसी त्यांना बगल देऊन खरा पत्ता सांगून मोकळं होतं. एक्स्टेंशन वापरणाऱ्यांनी त्या पानावरचा `WebRTC` हा रकाना आवर्जून बघावा.

तिसरी डीएनएसची. साइटच्या नावाचा आकडी पत्ता विचारायचं काम तुमच्या इंटरनेट कंपनीकडेच होत राहिलं, तर तुम्ही कुठे जाताय हे कंपनीला कळतं. नाव विचारणारा सर्व्हर भारतातला आहे हेही मुद्दाम शोधणाऱ्या साइटला दिसू शकतं. तपासणीच्या पानावर डीएनएसच्या यादीत तुमच्याच कंपनीचं नाव आलं तर गळती आहे असं समजा.

शिवाय व्हीपीएन क्षणभर तुटलं तर फोन गुपचूप साध्या वाटेवर येतो. अँड्रॉइडमध्ये व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये `Always-on VPN` आणि `Block connections without VPN` हे दोन पर्याय असतात. दुसराही चालू केला तरच तुटलेल्या वेळी वाहतूक थांबते.

८. मी व्हीपीएन वापरतोय हेच साइटला कसं कळतं? बँकेचं ॲप तर उघडतच नाही.

घरगुती ग्राहकांचे पत्ते आणि डेटा सेंटरचे पत्ते वेगळ्या कंपन्यांच्या नावावर असतात आणि त्याच्या याद्या मिळतात. व्हीपीएनचे सर्व्हर बहुतेक डेटा सेंटरमध्ये असतात, शिवाय एकाच पत्त्यावरून शेकडो लोक येताना दिसतात. म्हणून वारंवार कॅप्चा सोडवावा लागतो. व्हिडिओच्या साइट नाही म्हणतात. बँका तर परदेशातून अचानक आलेलं लॉगिन संशयास्पद धरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

बँकेच्या कामापुरतं व्हीपीएन बंद करा. तिथे तुम्हाला ओळख लपवायचीच नसते, उलट पटवून द्यायची असते. मधल्या वाटेवरचं संरक्षण ॲप आणि बँक यांच्यातल्या कुलूपबंद जोडणीनं आधीच दिलेलं असतं (प्रश्न ९).

९. स्टँडवरचं किंवा हॉटेलातलं फुकट वाय-फाय वापरताना व्हीपीएन लागतंच का?

साइटचा पत्ता `https` नं सुरू होत असेल तर पासवर्ड आणि मजकूर आधीच कुलूपबंद असतो. वाय-फायवाल्याला साइटचं नाव सहसा कळतं, आतलं पान कळत नाही. व्हीपीएन ते नावही झाकतं. म्हणजे उपयोग आहे, पण तो वाय-फायवाल्यापासून. समोरच्या वेबसाइटला त्यानं आयपी पत्त्याखेरीज काहीच कमी दिसत नाही.

१०. फुकट व्हीपीएन वापरलं तर काय बिघडतं?

इंटरनेट कंपनीपासून जे झाकलंत ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. विश्वास एकावरून उठून दुसऱ्यावर बसतो, नाहीसा होत नाही. फेसबुकनं २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी घेतली. तिचं फुकट व्हीपीएन लोक कुठली ॲप किती वापरतात याची माहिती फेसबुकला पुरवत होतं. ॲपलच्या आक्षेपानंतर २०१८ मध्ये ते ॲप स्टोअरवरून हटलं आणि २०१९ मध्ये बंद झालं. होला या फुकट सेवेचा प्रकार वेगळा होता. ती ग्राहकांची जोडणीच इतरांना वापरायला देत होती आणि विकतही होती, हे २०१५ मध्ये गाजलं. म्हणजे तिसऱ्याच कुणाचे उद्योग तुमच्या घरच्या आयपी पत्त्यावरून होऊ शकत होते.

सगळीच फुकट व्हीपीएन अशी नसतात. काही कंपन्या पैसे भरणाऱ्यांच्या जिवावर मर्यादित फुकट सेवा देतात. पण कंपनी कोणाची आणि तिचा खर्च कुठून निघतो हे कळत नसेल, तर ती न वापरणं बरं.

११. भारतात व्हीपीएन बेकायदेशीर आहे का? आणि पोलिसांना शोध लागतो का?

साधारणपणे व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाही. व्हीपीएनआडून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच राहतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. त्यांनुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क आणि त्याला दिलेले आयपी पत्ते ही माहिती किमान पाच वर्षं ठेवायची आहे. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन अशा कंपन्यांनी आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले.

शोध लागण्याचा एक जुना दाखला : २०११ च्या सोनी पिक्चर्सवरील सायबर हल्ल्याच्या तपासात हाइडमायअ‍ॅस या ब्रिटिश व्हीपीएन कंपनीनं न्यायालयाच्या आदेशावरून नोंदी दिल्या आणि आरोपीपर्यंत पोचता आलं. आणि व्हीपीएन कंपनीकडे काहीच नोंद नसली, तरी प्रश्न ३ मधली कुकी, लॉगिन आणि मोबाइल क्रमांक साइटकडे असतातच.

१२. ॲपमध्ये "भारत" निवडलं, तर सर्व्हर भारतातच असतो ना?

असेलच असं नाही. प्रश्न ११ मधल्या माघारीनंतर काही कंपन्या आभासी भारतीय सर्व्हर देतात. यंत्र सिंगापूर किंवा ब्रिटनमध्ये असतं, त्याला दिलेला आयपी पत्ता भारताच्या नावे नोंदलेला असतो. वेबसाइट यादी बघून तुम्हाला भारतीय समजते.

१३. आमच्या शिरोलीच्या कारखान्यात लॅपटॉपवर कंपनीचं व्हीपीएन आहे. त्यानं माझं खासगी ब्राउझिंग झाकलं जातं का?

त्याचा हेतूच वेगळा आहे. घरून कंपनीच्या आतल्या फाइली आणि बिलिंगपर्यंत पोचता यावं म्हणून ते असतं. काही ठिकाणी फक्त कंपनीची वाहतूक त्यातून जाते आणि बाकी सगळं तुमच्या घरच्या पत्त्यावरून. काही ठिकाणी सगळंच कंपनीतून जातं, मग कुठली साइट उघडली ते आयटी विभागाला दिसू शकतं. प्रश्न ७ मधली तपासणी केलीत की आपल्याकडे कुठला प्रकार आहे ते लगेच कळेल.

१४. वीजबिलाची खोटी लिंक उघडली, पण व्हीपीएन चालू होतं. वाचलो का?

नुसतं पान उघडून बंद केलं असेल, तर त्या साइटला व्हीपीएनचा आयपी पत्ता मिळाला, एवढाच फायदा. कार्ड क्रमांक, ओटीपी किंवा यूपीआय पिन भरला असेल, किंवा तिथून ॲप उतरवून घेतलं असेल, तर व्हीपीएननं काहीही अडवलेलं नाही. तुम्ही टाइप केलेलं त्यानं सुखरूप ठगांपर्यंत पोचवलं. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. फोनमध्ये ॲप घुसलं असेल तर हे फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा.

१५. मला एखाद्या साइटपासून खरंच ओळख लपवायची आहे. उदाहरणार्थ, आजाराबद्दल वाचायचं आहे. मग काय करू?

नुसतं वाचायचं असेल तर प्रश्न ४ मधला क्रम बहुतेकांना पुरतो : आधी व्हीपीएन, मग वेगळा ब्राउझर किंवा इनकॉग्निटो, कुठेही लॉगिन नाही, लोकेशनला नकार. प्रश्न ५ मधला ठसाही टाळायचा असेल तर टोर ब्राउझर आहे. सगळे वापरणारे शक्यतो एकसारखेच दिसावेत अशीच त्याची रचना आहे. तो साइटला स्थानिक वेळेऐवजी जागतिक वेळ सांगतो आणि खिडकीचा आकारही ठरावीक मापांत दाखवतो. म्हणूनच त्यात आपली एक्स्टेंशन घालू नयेत, नाहीतर तुमचा ठसा पुन्हा वेगळा पडतो. तो हळू चालतो आणि काही साइट त्याला दारातच अडवतात.

यातली एक अडचण कुठलंच साधन सोडवत नाही. लेख अर्धा वाचून झाल्यावर "पुढे वाचण्यासाठी मोबाइल क्रमांक टाका" अशी चौकट आली आणि तुम्ही क्रमांक टाकलात, तर आधीचं सगळं वाचन त्या क्रमांकाला जोडलं जातं. अशा वेळी खिडकी बंद करा आणि तोच विषय दुसऱ्या साइटवर वाचा.